झोपडपट्टी पुनर्वसन आणि रोजगार (नाशिक)

झोपडपट्टीतल्या कुटुंबाला पक्के घर देताना त्याची कमाई किती घटते, हा पुनर्वसन धोरणातला सर्वांत दुर्लक्षित हिशेब आहे. नाशिकमध्ये तो चुंचाळे शिवारातल्या घरकुलांवरून चांगला समजतो.

केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात (2005) शहरी गरिबांसाठी घरे बांधण्याचा स्वतंत्र भाग होता आणि नाशिक अभियानातल्या शहरांपैकी एक होते. घर किमान 25 चौरस मीटर चटई क्षेत्राचे. दहा लाखांहून मोठ्या शहरांत निम्मा खर्च केंद्राचा. लाभार्थ्याचा वाटा सर्वसाधारण गटाला 12 टक्के, मागास व दुर्बल घटकांना 10 टक्के. मुंबईत विकासक मोफत घरे बांधतो, कारण विक्रीच्या फ्लॅटांतून त्याचा खर्च निघतो. नाशिकमध्ये जागेचे भाव तेवढे नाहीत, त्यामुळे ते गणित सहसा जमत नाही. मग शहराच्या कडेला मिळेल त्या जागेवर इमारती उभ्या राहतात. चुंचाळे अंबड औद्योगिक वसाहतीला लागून आहे, पंचवटीपासून साधारण दहा किलोमीटर.

गंगापूर रोडजवळच्या वस्तीतली धुणीभांडी करणारी एक बाई घेऊ. पुढचे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. चार घरची कामे, दरमहा प्रत्येकी 1,500, म्हणजे 6,000 रुपये. यातल्या दोन घरी सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा भांडी असतात. वस्ती जवळ होती तेव्हा ती दुपारी घरी येऊन स्वयंपाक करायची, पाणी भरायची आणि चारला परत जायची. चुंचाळ्याहून दिवसातून दोन खेपा परवडत नाहीत आणि मधले चार तास बसायला जागा नाही, म्हणून ती दोन घरे सुटतात: 3,000 गेले. बस-रिक्षाचे रोज 50 धरले तर 26 दिवसांचे 1,300. इमारतीच्या देखभालीचे 300. महिन्याला 4,600 रुपयांचा फटका.

दुसऱ्या पारड्यात काय पडते? तसल्या खोलीचे भाडे त्या भागात 3,500 धरले तर कागदावर तूट 1,100 उरते. पण ते भाडे तिच्या हातात रोख येत नाही. रोख येणे 6,000 वरून 1,400 वर आले. स्वतःचा संडास, घरात नळ, पावसाळ्यात ताडपत्रीचा खर्च नाही, कधीही पाडापाडी होईल ही धास्ती नाही, हे सगळे खरे आणि मोठे लाभ आहेत. मात्र किराणा आणि फी रोखीने भरावी लागते.

त्याच जिन्यावरचा शेजारी अंबडच्या कारखान्यात कामाला असेल तर त्याचा हिशेब उलटा होतो: प्रवासखर्च संपतो आणि घर निव्वळ फायद्याचे ठरते. म्हणून सरासरी काढून योजना चांगली की वाईट हे ठरत नाही. पात्रता सर्वेक्षणात रेशनकार्ड, आधार, वीजबिल आणि वास्तव्याचा पुरावा तपासतात; कामाचे ठिकाण मात्र विचारत नाहीत. माझ्या मते सगळी चूक इथेच सुरू होते. हातगाडीवाल्याचे तर आणखी अवघड, कारण त्याच्या धंद्याला भिंती नसतात. मुंबईच्या योजनेत जुन्या दुकानाच्या बदल्यात 20.90 चौरस मीटरपर्यंत गाळा मोफत मिळतो, पण मुळात गाळाच नसेल तर बदल्यात काही मिळत नाही. भंगार वेगळे करणे, शेळी पाळणे ही कामेही तिसऱ्या मजल्यावर चालत नाहीत.

परिणाम लगेच दिसत नाही. आधी घराला कुलूप लागते, मग भाडेकरू येतो. वाटपानंतर वर्षभराने मीटरचे युनिट शून्याजवळ असतील किंवा मुलांचे दाखले जुन्याच शाळेत राहिले असतील, तर कुटुंब मनाने आणि कामाने तिथे गेलेलेच नाही, असे समजावे. प्रशासन याला लाभार्थ्याची लबाडी मानते. अहमदाबादमध्ये 1987 साली विडी कामगार महिलांना सोडतीने शहराबाहेर सुमारे 12 किलोमीटरवर घरे मिळाली. शेरॉन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी चौदा वर्षांनी पाहिले, तेव्हा 34 टक्के विजेत्या राहायला गेल्याच नव्हत्या आणि 32 टक्के जाऊन सोडून आल्या होत्या. उत्पन्नही वाढलेले नव्हते. इतक्या जणी सारख्याच वागल्या, तर कारण त्यांच्या स्वभावात शोधण्याऐवजी अंतरात शोधावे लागते.

वस्तीच्या जागीच पुनर्विकास हा सर्वांत कमी नुकसानीचा मार्ग, पण गोदावरीच्या पूररेषेत तो शक्य नाही. सप्टेंबर 2008 च्या महापुरानंतर काठावरच्या झोपड्यांना तिथेच राहू द्या, असे जबाबदारीने म्हणता येत नाही. अशा कुटुंबांसाठी सर्वेक्षणाच्या अर्जात तीन रकाने वाढवणे पुरेसे आहे: कमावणारा प्रत्येक जण कुठे काम करतो, दिवसातून किती खेपा होतात, माल कुठे ठेवतो. त्यावरून अंबड-सातपूरला कामाला जाणाऱ्यांना चुंचाळे आधी देता येईल, आणि पंचवटी किंवा गंगापूर रोडवर पोट असलेल्यांसाठी जवळच्या लहान भूखंडावरची घरे, महाग पडली तरी, राखून ठेवता येतील.