बिफोर-आफ्टर स्लाइड: सेम साइज वेगळं आणि सेम क्रॉप वेगळा

किचनचं काम झालं की जुना फोटो डावीकडे, नवा उजवीकडे, दोन्ही 14 सेंमीचे चौकोन करून टाकले की लोकांना वाटतं झाली स्लाइड. चौकोन सेम आहेत हो, पण आतलं किचन सेम नाहीये. माझंच सांगते, जुन्या फोटोत ओट्यावरची खिडकी स्लाइडवर 4 सेंमी रुंद दिसत होती आणि नव्यात 5, कारण नवा फोटो जवळून काढलेला. बघणाऱ्याला वाटलं आम्ही खिडकीच मोठी केली! बदललं होतं फक्त ओटा, टाइल्स आणि ट्रॉल्या.

सेम क्रॉप म्हणजे जे बदललं नाही ते दोन्ही चौकोनांत त्याच जागी, त्याच मापाचं. म्हणून आधी न बदललेली वस्तू पकडायची, खिडकीची चौकट किंवा दाराचा कोपरा. ओट्याची कड अजिबात नको, ओट्याची उंचीच बदललेली असू शकते.

मग लहान दिसतो तो फोटो मोठा करायचा (मोठ्याला लहान केलं तर कडेला जागा रिकामी पडते). 5 भागिले 4 म्हणजे सव्वापट, आणि पॉवरपॉइंटच्या Format Picture मध्ये Scale Height 40% दाखवत असेल तर तिथे 50% टाकायचं, 125 नाही, कारण तो आकडा मूळ फोटोच्या हिशोबात असतो, इथे मी दोनदा फसलेय. Lock aspect ratio चालू ठेवा. आता नवा फोटो जुन्यावर ठेवून त्याची Transparency 50% करायची आणि अॅरो कीने खिडकीवर खिडकी बसवायची. बसली की Transparency परत 0, वरून एक चौकोन आखायचा आणि आख्खी स्लाइड डुप्लिकेट करायची. एकीवरून नवा फोटो उडवा, दुसरीवरून जुना, मग प्रत्येक स्लाइडवर आधी फोटो, नंतर चौकोन सिलेक्ट करून Merge Shapes मधलं Intersect. दोन्ही क्रॉप एकाच साच्यातून निघतात.

चेक करायचं तर लगेच शेजारी मांडू नका, स्लाइड शोमध्ये त्या दोन स्लाइड भराभर पुढे-मागे करा. खिडकी हलली तर चुकलंय, नुसता ओटा बदलला तर जमलंय. 1930 मध्ये क्लाइड टॉम्बॉ या खगोलशास्त्रज्ञाला प्लूटो असाच सापडला, आकाशाच्या दोन फोटोप्लेट आलटून पालटून बघताना, तारे स्थिर आणि एक ठिपका हललेला.

खिडकी जुळली पण पुढचा फ्रिज सरकलेला दिसतोय? मग कॅमेराच वेगळ्या जागी उभा होता, आणि ते क्रॉपने सुटत नाही, कारण जवळची आणि लांबची वस्तू एकदम जुळवता येत नाही. अशा वेळी मागची भिंत जुळवायची आणि फ्रिज चौकोनाबाहेर टाकायचा, किंवा जुना फोटो मोबाइलवर समोर धरून त्याच दारातून नवा काढायचा. पुढच्या कामाला मी तोडफोडीच्या आधीच फरशीवर कुठे उभी होते ते लिहून ठेवलं, दारापासून दोन फरश्या आत, मोबाइल छातीच्या उंचीवर, झूम नाही.