'दुःख' आणि 'दुखणे': तत्सम शब्दांतील विसर्गाची पार्श्वभूमी

मराठीत 'दुःख' विसर्गाने लिहितात, पण 'दुखणे', 'दुखापत', 'दुखवटा' आणि 'पोटदुखी' हे शब्द विसर्गावाचून लिहितात. या दोन लेखनांत विसंगती आहे असे वाटून कोणी 'दुखवटा'मध्ये विसर्ग घालतो, तर कोणी 'दुःख'मधला काढून टाकतो. प्रमाण मराठी लेखनात दोन्ही दुरुस्त्या चुकीच्या ठरतात. याचे कारण असे की हे शब्द एकाच मुळापासून निघालेले असले, तरी ते मराठीत दोन वेगळ्या वाटांनी आणि वेगवेगळ्या काळी आले आहेत.

पहिली वाट प्राकृताची आहे. प्राकृत भाषांत विसर्ग उरला नाही. शब्दाच्या शेवटी तो लोपला किंवा स्वरात मिसळला (संस्कृत 'रामः', महाराष्ट्री प्राकृत 'रामो'), आणि शब्दाच्या मध्ये त्याची जागा पुढच्या व्यंजनाच्या द्वित्वाने घेतली. त्यामुळे 'दुःख'चे प्राकृत रूप 'दुक्ख' असे झाले आणि पालीतही तेच आहे. या 'दुक्ख'पासून घडत आलेले 'दुखणे' हे क्रियापद आणि त्याला मराठी प्रत्यय लागून झालेले शब्द तद्भव आहेत. त्यांच्या लेखनात विसर्ग कधी नव्हताच, तेव्हा तो गाळला गेला असे म्हणणेही बरोबर नाही. दुसरी वाट ग्रंथांची. 'दुःख' हा शब्द संस्कृतातून पुन्हा जसाच्या तसा उचलला गेला, आणि 'दुःखी', 'दुःखद', 'सुखदुःख' हे त्याचे सोबती झाले. अर्थाची वाटणीही साधारण याच रेषेवर झाली. शरीराच्या वेदनेला आपण बहुधा तद्भव शब्द वापरतो, मनाच्या वेदनेला तत्सम. (दुखवटा मात्र शोकाचा असूनही पहिल्या घरातच राहिला.)

आता थोडे संस्कृताकडे वळले पाहिजे, कारण ज्या विसर्गाचा आपण एवढा आग्रह धरतो, तो 'दुःख'मध्ये व्याकरणाच्या नियमानुसार यायलाच नको होता. इकार किंवा उकार यांच्यानंतरच्या विसर्गापुढे क, ख, प, फ यांपैकी वर्ण आला, तर समासात त्या विसर्गाचा 'ष्' होतो, असे पाणिनीचे सूत्र आहे. म्हणून निष्काम, निष्फळ, दुष्काळ, दुष्परिणाम हे शब्द तसे आहेत. याच न्यायाने 'दुस्' आणि 'ख' मिळून 'दुष्ख' व्हायला हवे होते, आणि व्याकरणदृष्ट्या तेच योग्य रूप असल्याची नोंद मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात आहे. त्याच ठिकाणी त्यांनी दुसरीही शक्यता दिली आहे: हा शब्द मुळात 'दुःस्थ' असून बोलीभाषांच्या प्रभावाने त्याचे 'दुःख' झाले असावे. काही असो, परंपरेने 'दुःख' हेच लेखन स्थिर केले, आणि मराठीने ते तयार शब्द म्हणून घेतले.

एकोणिसाव्या शतकात मराठी छपाईत आली तेव्हा तत्सम शब्द संस्कृताप्रमाणे लिहिण्याकडे कल होता. मोल्सवर्थ यांच्या कोशात (1831, दुसरी आवृत्ती 1857) संस्कृतातून आलेल्या शब्दांपुढे तशी खूणच केलेली असते. पुढे मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम केले, ते शासनाने 1962 मध्ये स्वीकारले आणि 1972 मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. या नियमांनी तत्सम शब्दांना शेवटी बरेच मराठी केले: 'कवि' आणि 'गुरु' यांचे 'कवी' आणि 'गुरू' झाले, 'अर्थात्' आणि 'विद्वान्' यांचे पाय मोडणे थांबले. 'दुःख', 'स्वतः', 'अंतःकरण' यांतला विसर्ग मात्र टिकला.

तो काढला असता तर काय झाले असते, हे याच नियमांच्या चौकटीत पाहण्यासारखे आहे. अकारान्त मराठी शब्दातला उपान्त्य इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा असतो, जसे खीर, मूल, फूल. सुख, गुण, विष हे तत्सम असल्यामुळे त्यांना सूट आहे. 'दुख' हे लेखन यांपैकी कुठेच बसत नाही. तो तत्सम मानावा तर विसर्ग हवा, आणि मराठी मानावा तर उकार दीर्घ हवा. उच्चारही विसर्गाच्याच बाजूने साक्ष देतो. आपण 'दुख्ख' असे द्वित्वाने बोलतो, आणि पद्यात 'दुःख'मधले पहिले अक्षर गुरू मोजले जाते. 'सुख'मधले 'सु' लघू आहे. कोकणीने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली असून तिथे उच्चारानुसार 'दुख्ख' असे लिहिलेले आढळते. हिंदीत केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या नियमांनी तत्सम प्रयोगात विसर्ग ठेवायला सांगितले आहे आणि तद्भव रूप म्हणून 'दुख'लाही मान्यता दिली आहे. हिंदीत वाचलेला 'दुख' मराठीत आणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की मराठीत तद्भव नाम म्हणून 'दुख' हे प्रमाण रूप नाही.

खरा गोंधळ 'दुःख'पेक्षा सामासिक शब्दांत आहे, आणि तिथे सरसकट आग्रह उपयोगी पडत नाही. 'मनस्थिती' हे लेखन पाहिले की बहुतेक मुद्रितशोधक विसर्ग घालून 'मनःस्थिती' करतात. तसे करायला हरकत नाही, पण मूळ लेखनही चुकीचे नाही. विसर्गापुढे श, ष, स यांपैकी वर्ण असेल आणि त्याला लागून क, त, थ, प यांसारखे कठोर व्यंजन असेल, तर विसर्गाचा लोप विकल्पाने होतो, असे संस्कृत व्याकरणातच वार्तिक आहे. 'स्थिती'मध्ये 'स'ला लागून 'थ' आहे, म्हणून मनस्थिती. 'स्पृहा'मध्ये 'प' आहे, म्हणून निस्पृह. हीच सवलत 'मनशांती'ला मिळत नाही, कारण तिथे 'श'पुढे स्वर आहे. 'मनःशांती' किंवा 'मनश्शांती' असेच लिहावे लागते. 'निस्वार्थ'मध्ये 'स'नंतर 'व' आहे, तो कठोर नाही, म्हणून 'निःस्वार्थ'. उलट दिशेची चूकही आता वाढली आहे: 'पुनर्विचार' पाहून 'पुनर्प्रक्षेपण' लिहिले जाते, पण कठोर 'प'पुढे 'र्' राहत नाही आणि 'पुनःप्रक्षेपण' होते.

लेखनाचा आणखी एक प्रश्न यंत्राने आणला. विसर्ग आणि अपूर्णविराम दिसायला जवळजवळ सारखे असल्यामुळे टंकलेखन करणारे एकाच्या जागी दुसरा वापरत आले आहेत. युनिकोडमध्ये विसर्ग `U+0903` आहे, तर अपूर्णविराम `U+003A`. डोळ्यांना 'दु:ख' आणि 'दुःख' यांत फरक जाणवत नाही, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडेलच असे नाही, आणि अपूर्णविराम असलेला शब्द ओळीच्या शेवटी मधूनच तुटण्याची शक्यता असते. शब्दावर दोनदा क्लिक केल्यावर अर्धाच शब्द निवडला गेला, तर बहुधा तिथे अपूर्णविराम आहे असे समजावे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर खरा विसर्ग शिफ्ट दाबून `-` च्या कळीवर मिळतो.