फुटबॉलच्या भावांतून बुकमेकरचा नफा कसा वजा करावा

समजा, एका सामन्यावर पैजा घेणाऱ्या बुकमेकरचे भाव असे आहेत: यजमान संघाच्या विजयाला १.४०, बरोबरीला ४.८० आणि पाहुण्या संघाच्या विजयाला ८.००. म्हणजे यजमान जिंकल्यास लावलेल्या रकमेच्या १.४० पट रक्कम हातात येते, मूळ रकमेसह. या तीन आकड्यांमागे बाजाराला वाटणारी शक्यता दडलेली आहे. ती थेट वाचता येत नाही, कारण त्यात बुकमेकरचा नफाही मिसळलेला असतो.

भावाचा व्यस्त काढला की पहिला अंदाज मिळतो. १ भागिले १.४० म्हणजे ७१.४ टक्के, १ भागिले ४.८० म्हणजे २०.८ टक्के आणि १ भागिले ८ म्हणजे १२.५ टक्के. बेरीज १०४.८ भरते. सामन्याचा निकाल या तिघांपैकी एकच लागणार, त्यामुळे खऱ्या शक्यतांची बेरीज १०० पेक्षा जास्त होऊच शकत नाही. वरचे ४.८ हे बुकमेकरचे मार्जिन. प्रश्न एवढाच, की ते कोणत्या निकालातून किती कापायचे?

बहुतेक जण प्रत्येक आकड्याला १.०४८ ने भागून मोकळे होतात. उत्तर येते ६८.२, १९.९ आणि ११.९ टक्के. बेरीज बरोबर १००, हिशेब सोपा. पण यात एक गृहीतक लपलेले आहे: बुकमेकरने तिन्ही निकालांवर सारख्याच प्रमाणात नफा चढवला आहे. मला हे गृहीतकच सर्वांत धोक्याचे वाटते, कारण अनुभव वेगळे सांगतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये घोड्यांच्या शर्यतींबाबत दाखवले होते की, जिंकण्याची आशा कमी असलेल्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात. फुटबॉलमध्येही हा कल अनेकदा आढळला आहे. म्हणजे दुबळ्या संघाच्या भावात मार्जिनचा वाटा मोठा असतो. सरसकट भागाकार केला की तो संघ आहे त्यापेक्षा बलवान दिसू लागतो.

यावर एक उपाय म्हणजे घातांकाची पद्धत. तिन्ही आकडे दशांशात लिहायचे (०.७१४, ०.२०८, ०.१२५) आणि प्रत्येकाचा एकाच घातांकाने घात काढायचा. बेरीज नेमकी १ होईल असा घातांक शोधायचा. १.०८ घेतला तर बेरीज ०.९८५ येते, म्हणजे जास्तच कापले गेले. १.०६ घेतला की ती जवळजवळ नेमकी १ होते. स्प्रेडशीटमध्ये हा शोध काही क्षणांत होतो. शक्यता मिळतात ७०.०, १९.० आणि ११.० टक्के. यजमानांचा मूळ आकडा फक्त दोन टक्क्यांनी घटला, तर पाहुण्यांचा जवळजवळ बारा टक्क्यांनी.

अर्थतज्ज्ञ ह्युन सॉन्ग शिन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. काही पैसे लावणाऱ्यांना आतली खबर असते आणि मोठ्या भावावर ते जिंकले तर बुकमेकरला जबर फटका बसतो. म्हणून तो मोठे भाव आधीच अधिक आखडतो. त्यांच्या सूत्राने आपल्या सामन्याचे उत्तर ६९.४, १९.४ आणि ११.२ येते. वाट वेगळी असूनही ते घातांकाच्या पद्धतीच्या जवळ पोहोचते.

११.९ आणि ११.० यांतला फरक किरकोळ वाटेल. पण समजा, दुसऱ्या बुकमेकरकडे पाहुण्यांना ८.६० भाव मिळतो आहे. शक्यता ११.९ टक्के धरली तर दर १०० मागे सरासरी सुमारे १०२.३ परत येतील, म्हणजे फायद्याचा सौदा. ११.० धरली तर सुमारे ९५, म्हणजे तोट्याचा. एकाच भावातून दोन उलटे निष्कर्ष निघाले, आणि फरक फक्त मार्जिन काढण्याच्या रीतीचा.

चुरशीच्या सामन्यात ही चिंता फारशी नसते. २.५०, ३.३० आणि २.९० असे भाव असतील तर भागाकार ३८.२, २८.९, ३२.९ देतो आणि घातांक ३८.४, २८.७, ३२.९. एका बाजूचे पारडे जितके जड, तितका पद्धतीचा फरक जास्त.

मग कोणती पद्धत बरोबर, हे जुन्या सामन्यांवरून तपासावे लागते: ज्यांची शक्यता ११ टक्क्यांच्या आसपास निघाली असे निकाल वेगळे काढायचे आणि त्यांतले किती प्रत्यक्षात लागले ते मोजायचे. मात्र ११.० आणि ११.९ यांत खात्रीने निवड करायला असे सुमारे पाच हजार सामने लागतात, कारण त्याहून कमी सामन्यांत योगायोगाचे चढउतारच या फरकाएवढे असतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या एका हंगामात सगळे मिळून ३८० सामने होतात. त्यामुळे एका लीगचे दोन-तीन हंगाम पाहून या पद्धतींत निवाडा करता येत नाही. अनेक लीगचे अनेक हंगाम एकत्र करावे लागतात, आणि भाव सामना सुरू होण्याच्या अगदी आधीचेच घ्यावे लागतात, कारण जखमी खेळाडू आणि संघनिवड यांची माहिती तोवर त्यांत उतरलेली असते.