दर प्रश्नामागे दहा माणसं? अल्फाचं गणित उलटं सांगतं

सिनॉप्सिस सादर करायचे दिवस आले की नागपुरातल्या नर्सिंगच्या, मानसशास्त्राच्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "प्रश्नावलीत वीस प्रश्न आहेत, म्हणून नमुना दोनशेचा." दर प्रश्नामागे दहा माणसं, हा हिशेब. पायलट स्टडीचा आकडा तर ठरलेलाच असतो, तीस. तीस जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, कम्प्युटरने अल्फा, म्हणजे प्रश्नांच्या एकवाक्यतेचा आकडा, ०.८० दाखवला की "प्रश्नावली विश्वासार्ह आहे" असं लिहायचं आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचं.

हे दोन्ही आकडे अल्फाच्या गणितातून आलेले नाहीत. पहिला तर त्या गणिताच्या नेमका उलट दिशेने जातो. तो कसा, हे समजून घेणं मला फार आनंदाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सीताबर्डीच्या फुटपाथवरचे फेरीवाले मे महिन्यात उन्हापासून स्वतःला किती जपतात, हे मोजायला दहा प्रश्नांची प्रश्नावली केली. तहान लागायच्या आधी पाणी पिता का, डोक्याला दुपट्टा बांधता का, दुपारी सावली धरता का, असे प्रश्न. उत्तरं "कधीच नाही" ते "नेहमी" अशी, १ ते ५ गुणांची. दहाही प्रश्न एकच सवय मोजत असतील, तर एका प्रश्नाला जास्त गुण मिळवणारा माणूस बाकीच्या प्रश्नांनाही साधारण जास्त गुण मिळवेल. ही एकवाक्यता किती, याचा आकडा म्हणजे अल्फा. ली क्रॉनबाखच्या १९५१ सालच्या लेखामुळे तो त्याच्या नावाने ओळखला जातो.

उत्तरांचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. एका ओळीत एक माणूस, एका स्तंभात एक प्रश्न. या तक्त्यातले आकडे वेगवेगळे का येतात? काही माणसं मुळातच जास्त काळजी घेतात, काही कमी. काही प्रश्नांना सगळेच जास्त गुण देतात. या दोन्ही गोष्टी बाजूला काढल्यावर जो फरक उरतो, तो एखाद्या माणसाने एखाद्या प्रश्नाला दिलेल्या अनपेक्षित उत्तराचा. त्याला आपण शिल्लक गोंधळ म्हणू. अल्फा म्हणजे एकातून एक भागाकार वजा केलेला:

```
अल्फा = 1 - (शिल्लक गोंधळ / माणसामाणसांतला फरक)
```

समजा, तीस फेरीवाल्यांपैकी प्रत्येकाची दहा प्रश्नांची सरासरी काढली आणि त्या सरासऱ्यांचा व्हेरिअन्स, म्हणजे त्या किती पसरल्या आहेत याचं माप, ०.२५ आला. त्याला प्रश्नांच्या संख्येने, म्हणजे १० ने गुणलं की २.५. हा माणसामाणसांतला फरक. शिल्लक गोंधळाचा व्हेरिअन्स ०.५ आला असं धरू. भागाकार ०.५ भागिले २.५ म्हणजे ०.२०, आणि अल्फा ०.८०.

हा ०.८० आपल्याला भेटलेल्या तीस जणांचा. बर्डीवरचे दुसरे तीस फेरीवाले घेतले असते तर अल्फा वेगळा आला असता. किती वेगळा? हे विश्वास अंतराल सांगतं. ९५ टक्के विश्वास अंतराल म्हणजे अशा पद्धतीने काढलेली पट्टी, जी पुन्हा पुन्हा नमुने घेतल्यास शंभरातल्या सुमारे ९५ वेळा खऱ्या अल्फाला आपल्यात सामावून घेते.

अल्फा हा दोन व्हेरिअन्सचा भागाकार आहे, आणि नमुन्यातून काढलेला कुठलाही व्हेरिअन्स स्वतःच थोडा डळमळीत असतो. तो किती डळमळीत, हे त्याच्यामागे किती स्वतंत्र माहिती आहे यावर ठरतं. संख्याशास्त्रात तिला मुक्तिमात्रा म्हणतात. व्हेरिअन्सचा नैसर्गिक लॉगरिदम घेतला की त्याची अनिश्चितता जवळपास २ भागिले मुक्तिमात्रा इतकी येते. आता तीस माणसं आणि दहा प्रश्न घेऊन बघू. माणसामाणसांतल्या फरकाला मुक्तिमात्रा २९ आहेत, कारण माणसंच तीस. शिल्लक गोंधळाला मात्र २९ गुणिले ९, म्हणजे २६१ आहेत. पहिल्याची अनिश्चितता २/२९, साधारण ०.०६९. दुसऱ्याची २/२६१, साधारण ०.००८. भागाकाराचा लॉगरिदम घेतला की या दोन्हींची बेरीज होते. म्हणजे एकूण अनिश्चिततेचा नऊ दशांश वाटा एकट्या माणसांच्या संख्येतून येतो, आणि प्रश्नांच्या संख्येचा प्रभाव उरलेल्या एक दशांशापुरताच असतो. प्रश्नावलीत शंभर प्रश्न घाला, तो पहिला ०.०६९ तसूभरही हलणार नाही. माणसं तीस, तर माहिती तीस माणसांची.

डग्लस बोनेटने २००२ साली याच पायावर नमुन्याचं सोपं सूत्र दिलं. दोन्ही तुकडे जोडले की बेरीज 2k/((k-1)(n-1)) होते. त्याने लहान नमुन्यासाठी n-1 च्या जागी n-2 घेतलं, एवढाच बदल. इथे k म्हणजे प्रश्न आणि n म्हणजे माणसं. आपल्या उदाहरणात हे येतं ०.०७९. त्याचं वर्गमूळ ०.२८२, त्याला १.९६ ने गुणलं की ०.५५२, आणि लॉगरिदम उलटवला की १.७४. या १.७४ ला मी गुणक म्हणतो. १ वजा अल्फा, म्हणजे ०.२०, याला गुणकाने गुणलं की खालची सीमा मिळते आणि भागलं की वरची. ०.२० गुणिले १.७४ म्हणजे ०.३५, तेव्हा खालची सीमा ०.६५. ०.२० भागिले १.७४ म्हणजे ०.११५, तेव्हा वरची ०.८८.

तीस जणांवर ०.८० आलेला अल्फा खरं तर ०.६५ ते ०.८८ मध्ये कुठेही असू शकतो. प्रबंधांत ०.७० ही किमान पातळी धरायची पद्धत आहे. ही पट्टी त्या पातळीच्या दोन्ही बाजूंना पसरली आहे, त्यामुळे प्रश्नावली पातळी ओलांडते की नाही हे तीस जण ठरवू शकत नाहीत. शंभर माणसं घेतली तर गुणक १.३४ होतो आणि पट्टी ०.७३ ते ०.८५. मग उत्तर मिळतं.

आता उलट जाऊ. अल्फा ०.८० अपेक्षित आहे आणि खालची सीमा ०.७५ च्या खाली नको. म्हणजे गुणक ०.२५ भागिले ०.२०, १.२५ हवा. आर या संगणक भाषेत हे एवढंच:

```r
k <- 10; a <- 0.80; LL <- 0.75
g <- log((1 - LL) / (1 - a))
ceiling(2*k/(k-1) * (qnorm(0.975)/g)^2 + 2)
```

उत्तर १७४. आता फक्त k बदला. वीस प्रश्नांना १६५ माणसं पुरतात, पाच प्रश्नांना १९५ लागतात. "दर प्रश्नामागे दहा" हा नियम मात्र वीस प्रश्नांना दोनशे आणि पाच प्रश्नांना पन्नास माणसं मागतो. जिथे जास्त माणसं हवीत तिथे तो कमी सांगतो. हा नियम प्रामुख्याने घटक विश्लेषणाच्या सल्ल्यांतून पसरला. तिथेही तो वादग्रस्त आहेच, पण अल्फाच्या अचूकतेशी त्याचा काही संबंध नाही. तीसच्या आकड्याचंही तसंच. सरासरीसाठी सामान्य वितरण वापरता येण्याबद्दलचा तो जुना ठोकताळा आहे. कारण न विचारता तो सगळीकडे लावणं हे शुभ आकड्यावर भरवसा ठेवण्यासारखंच आहे, आणि पदव्युत्तर संशोधनात हे चालू नये असं मला मनापासून वाटतं.

१७४ हा आकडाही डोळे मिटून घेऊ नये. गुणक केवळ माणसं आणि प्रश्न यांवर ठरतो, पट्टी मात्र प्रत्यक्ष आलेल्या अल्फावरही ठरते. १७४ जणांवर अल्फा ०.७५ आला, तर ०.२५ गुणिले १.२५ म्हणजे ०.३१, आणि खालची सीमा ०.६९. शिवाय खरा अल्फा अगदी ०.८० असला, तरी नमुन्यातला अल्फा जवळपास निम्म्या वेळा त्याहून कमी येईल, आणि तेव्हा जवळपास प्रत्येक वेळी खालची सीमा ०.७५ च्या खाली घसरेल. ती वर राहण्याची शक्यता ९० टक्के हवी असेल, तर सूत्रात १.९६ च्या, म्हणजे वरच्या कोडमधल्या qnorm(0.975) च्या, जागी १.९६ अधिक १.२८ घालावं लागतं आणि नमुना ४७१ वर जातो. म्हणून संशोधकाने आधी ठरवावं: सरासरीने इतकी पट्टी मिळाली तर चालेल, की ती मिळण्याची हमी हवी?

हे सारं गणित दोन गृहीतकांवर उभं आहे. एक, उत्तरं साधारण सामान्य वितरणासारखी पसरलेली आहेत आणि सगळे प्रश्न एकमेकांशी सारख्याच प्रमाणात जुळतात. बर्डीवरच्या जवळजवळ सगळ्यांनी पाण्याच्या प्रश्नाला "नेहमी" म्हटलं, तर हे गृहीतक ढासळतं. ते ओळखायला प्रत्येक प्रश्नाचा आलेख काढून बघणं पुरेसं आहे. सगळे खांब एका टोकाला गोळा झालेले दिसले, तर सूत्राच्या पट्टीसोबत बूटस्ट्रॅपची पट्टीही काढावी. त्यात तक्त्यातल्या पूर्ण ओळी, म्हणजे पूर्ण माणसं, परत परत उचलून दर वेळी अल्फा काढतात. सुटी उत्तरं उचलायची नाहीत, नाहीतर एकाच माणसाच्या उत्तरांमधला संबंध तुटतो आणि अल्फाला अर्थच उरत नाही.

दुसरं गृहीतक प्रत्येक माणूस स्वतंत्र असण्याचं. शेजारी गाडे लावणारे पाच जण गोळा होऊन, एकमेकांचं ऐकत उत्तरं देत असतील, तर तक्त्यात पाच ओळी दिसतात, पण माहिती पाच माणसांची नसते. अशा वेळी सूत्र पट्टी खोटी अरुंद दाखवतं, आणि छापलेल्या निकालात हे कुठेच दिसत नाही. ते टाळायचं तर प्रत्येकाची मुलाखत वेगळी घ्यावी लागते. अर्धवट भरलेल्या प्रश्नावल्यांचंही बघावं लागतं. काही सॉफ्टवेअर एक उत्तर रिकामं असलं तरी ती पूर्ण ओळ वगळतात. शंभरातल्या पंधरा ओळी अशा जातील असं धरलं, तर १७४ ला ०.८५ ने भागून २०५ फेरीवाल्यांना भेटावं लागेल.

पायलटचे तीस जण वाया जात नाहीत. "सावली धरता का" हा प्रश्न लोकांना कळतो का, उलट अर्थाच्या प्रश्नाचे गुण उलटवायचे राहिलेत का, कोणता प्रश्न बाकीच्यांशी जुळतच नाही, हे त्यांच्याकडून कळतं. अल्फाचा निर्णय मात्र मुख्य नमुन्यावर घ्यावा. सिनॉप्सिसमध्ये त्यासाठी एवढं लिहिलं तरी पुरे: "दहा प्रश्न, अपेक्षित अल्फा ०.८०, ९५ टक्के विश्वास अंतरालाची अपेक्षित खालची सीमा ०.७५, त्यासाठी १७४ प्रतिसादक. १५ टक्के अपूर्ण प्रश्नावल्या धरून २०५."