एकर, गुंठे आणि मधला ठिपका: चौरस मीटरच्या यादीमागचा इतिहास

जुन्या सातबाऱ्यावर, फेरफारावर किंवा खरेदीखतात ‘क्षेत्र २.१५’ असे दिसले की आजचा माणूस ते सव्वादोन एकरांच्या आसपास असेल असे समजतो. प्रत्यक्षात ते बहुधा २ एकर १५ गुंठे असतात, म्हणजे २.३७५ एकर. सगळ्या गटांची चौरस मीटरमध्ये एकच यादी करायची असेल तर पहिली अडचण या ठिपक्यापाशीच येते, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

इंग्रजांच्या आधी आपल्याकडे जमीन मोजली जायची ती काठीने. २० काठ्या लांब आणि २० काठ्या रुंद एवढ्या जागेचा एक बिघा व्हायचा आणि १२० बिघ्यांचा एक चावर. शिवकाळातल्या काठीची लांबी पाच हात पाच मुठी सांगतात. हात कोणाचा, मूठ कोणाची, यावर बिघा लहानमोठा व्हायचा. मुंबई इलाख्यात प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याची आधीची जमाबंदी फसल्यावर १८३५ च्या सुमारास इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले. पुढे इलाखाभर रुजलेल्या या मोजणीचे साधन होते ३३ फुटांची साखळी.

ही लांबी उगाच निवडलेली नव्हती. इंग्लंडातली गंटरची साखळी ६६ फुटांची, आणि तिच्या १० चौरस साखळ्यांचा एकर. साखळी निम्मी केली की चौरस पाव होतो, म्हणून एकरात अशा ४० चौरस साखळ्या बसतात. ३३ फूट बाय ३३ फूट हाच आपला गुंठा: १०८९ चौरस फूट, म्हणजे १२१ चौरस वार. साखळीचे १६ आणे पाडले होते आणि गुंठ्याचेही १६ आणे. रुपयाचा हिशेब ज्याला येतो त्याला हे कोष्टक वेगळे शिकावे लागत नव्हते. पण एकराखाली ४० आणि गुंठ्याखाली १६ अशी ही उतरंड आहे. तिच्यात दशांश कुठेच नाही. ठिपका किंवा आडवी रेघ ही फक्त घरे वेगळी दाखवण्याची खूण.

पुढे १९५६ च्या वजन-मापे कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि यथावकाश सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. १९५९ पासून वार ०.९१४४ मीटर असा नक्की ठरलेला असल्याने गुंठा १०१.१७१४ चौरस मीटरचा, एकर ४०४६.८६ चा. यात वादाला जागा नाही.

यादीसाठी तीन तुकडे घेऊ: २ एकर १५ गुंठे, १ एकर १० गुंठे, आणि १५ गुंठे ८ आणे. आधी सगळ्यांचे गुंठे करायचे: ९५, ५० आणि १५.५. त्यांचे चौरस मीटर अनुक्रमे ९६११.२८, ५०५८.५७ आणि १५६८.१६, बेरीज १६,२३८.०१. आता २.१५ ला सरळ ४०४६.८६ ने गुणले तर पहिल्याच तुकड्याचे ८७००.७५ येतात आणि ९ गुंठे गायब होतात. दुसऱ्यात धोका वेगळा आहे. एक्सेलमध्ये १.१० लिहिले की शेवटचे शून्य गळून १.१ उरते, आणि पुढचा माणूस ते १ एकर १ गुंठा वाचतो. इथेही ९ गुंठेच जातात! म्हणून एकर, गुंठे, आणे यांना तीन स्वतंत्र रकाने द्यायचे आणि चौथ्यात सूत्र:

```
=ROUND((A2*40+B2+C2/16)*101.17141056,2)
```

गुंठ्यांच्या रकान्यात ४० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर तिथे थांबायचे. जुन्या पद्धतीत ४० वा गुंठा एकरात जातो, त्यामुळे २.५५ अशी नोंद एकर-गुंठ्यांची असूच शकत नाही. ती एकराच्या शतांशांची असेल (मध्य प्रांताकडच्या नोंदींत अशी पद्धत होती), नाहीतर कोणीतरी १.२५ आणि १.३० यांची साधी बेरीज करून ठेवलेली असेल. त्या दोघांची खरी बेरीज ३ एकर १५ गुंठे आहे.

मेट्रिकनंतर आणखी एक घोटाळा सुरू झाला, आणि माझ्या मते यादी करणाऱ्याला सगळ्यात जास्त तोच चकवतो. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा त्याहून जेमतेम सव्वा टक्का मोठा. एवढ्या फरकाकडे बोलताना कोण बघतो? गावात आजही आराला गुंठाच म्हणतात. आपल्या ९५ गुंठ्यांच्या तुकड्याचे रूपांतर पूर्ण आरापर्यंत केले की ०.९६ हेक्टर होते, आणि घरातले म्हणतात, आमची ९६ गुंठे आहे. त्यांच्या शब्दावर १०१.१७१४१०५६ ने गुणले तर ९७१२.४६ येतात; सातबारा सांगतो ९६००; जुन्या एकर-गुंठ्यांवरून ९६११.२८. तीन आकडे, जमीन एकच.

यादीत कोणता धरायचा? चालू सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असेल तर तेच थेट चौरस मीटरमध्ये मांडायचे, मागे जाऊन एकरांवरून पुन्हा काढायचे नाही. एकर-गुंठे फक्त जुन्या कागदावरच असतील तेव्हाच सूत्र वापरायचे, आणि आकडा कुठल्या कागदावरून आला ते शेजारच्या रकान्यात लिहायचे. ११ चौरस मीटरची तफावत असेल तर ती बहुधा पूर्ण आरापर्यंत केलेल्या रूपांतराची असते. ९०० च्या आसपासची निघाली तर आधी ठिपका तपासायचा.