चातुर्मासात तुमचा कॅमेरा कुठे असतो?
(सातारा परिसरातल्या आमच्या ग्राहकांसाठी)

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर लेन्सची रांग लागते. गेल्या खेपेला जावळीकडचे एक फोटोग्राफर आले. चार दिवसांवर पहिली लग्नाची ऑर्डर होती आणि ७०-२०० लेन्सचे फोटो पांढुरके, दुधाळ येत होते. त्यांनी सेटिंग बदलून पाहिलं, काच पुसून पाहिली, फरक नाही. आम्ही मागच्या बाजूने टॉर्च मारला. पुढच्या काचेच्या आत, कडेकडून मध्याकडे सरकलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले. बुरशी होती.

त्यांच्याकडची ५० ची लेन्स मात्र लख्ख होती. घर तेच, पाऊस तोच. मग फरक कशाने पडला, म्हणून आम्ही खोदून विचारलं. ७०-२०० शेवटच्या लग्नानंतर बॅगेत गेली, बॅग लोखंडी कपाटात गेली, आणि कपाट पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला टेकलेलं. चार महिने कुणी हात लावला नाही. ५० ची लेन्स कॅमेऱ्याला लावलेली, टीव्हीशेजारच्या फळीवर उघडीच पडलेली. दर रविवारी मुलीचे फोटो काढायला ती बाहेर यायची. जिची काळजी घेतली ती खराब झाली आणि जी उघड्यावर होती ती वाचली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

आपल्याकडची अडचण हीच आहे. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात, म्हणून सामान बांधून ठेवलं जातं, आणि वर्षातली सगळ्यात दमट हवा नेमकी याच दिवसांत असते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते लेन्समध्ये शिरणारच. पण रुजायला त्यांना अंधार, न हलणारी हवा आणि ओल लागते. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर सलग काही दिवस राहिली की त्यांचं काम सुरू होतं. बोटाच्या ठशाचं तेल आणि धूळ हे त्यांचं खाणं. बंद कपाटातल्या फोमच्या बॅगेत हे सगळं एका जागी मिळतं.

बॅग ही प्रवासाची वस्तू आहे

एक हिशोब सांगतो, त्यावरून पुढचं सगळं कळेल. २० लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात पावसाळ्यातली अगदी दमट हवा कोंडली, तरी त्या हवेत पाण्याची वाफ जेमतेम अर्धा ग्रॅम असते. म्हणजे थेंब दहा. तेवढी ओल मूठभर सिलिका जेल सहज शोषून घेतं. पण फोमची बॅग, सुती पट्टा, चामड्याचं कव्हर यांत कितीतरी जास्त पाणी मुरलेलं असतं, आणि हात लावला तर ते कोरडेच लागतात. बॅगेत सिलिकाच्या दोन पुड्या टाकल्या तर त्या बॅगेचंच पाणी पीत बसतात आणि आठवड्यात संपतात. म्हणून शूटिंगवरून आलात की बॅग रिकामी करा, चेन उघडी ठेवून वाऱ्यावर टांगा, आणि सामान डब्यात ठेवा. डब्यात कापड, फोम, चामडं काही नको. गळ्यातला पट्टासुद्धा काढून ठेवा.

डबा कसला? झाकणाला रबरी पट्टी आणि बाजूला कड्या असलेला, पारदर्शक, १५ ते २० लिटरचा. भांड्यांच्या दुकानात मिळतो, आमच्याकडूनच घ्या असं काही नाही. घेताना एकच पाहा: झाकण लावून डबा दोन्ही बाजूंनी दाबा, हवा सुटल्याचा आवाज आला तर तो ठेवून दुसरा बघा.

आत एक छोटा आर्द्रता मीटर ठेवा, बाहेरून आकडा दिसेल असा. स्वस्तातले मीटर पाच-सात टक्के चुकतात, म्हणून वापरण्याआधी मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर थेंब-थेंब पाणी घालून मीठ ओलं करा. विरघळू देऊ नका, ओल्या वाळूसारखं राहिलं पाहिजे. ते झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मीटर ८१ दाखवत असेल तर तो ६ ने जास्त सांगतो. पाठीवर मार्करने '−६' लिहून टाका.

डब्यात आकडा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. ६० च्या वर दोन-तीन दिवस गेला तर जेल बदलायची वेळ झाली. ३५ च्या खाली गेला तर थोडं जेल काढून घ्या, कारण फार कोरड्या हवेत रबर कडक होतं आणि रिंगांतलं वंगण सुकतं. सामान ठेवल्यावर पहिले दोन दिवस आकडा वरखाली होतो. कॅमेऱ्याच्या रबरात, ग्रिपमध्ये मुरलेली ओल तेव्हा बाहेर येत असते. घाबरून जास्तीचं जेल ओतू नका.

सिलिका जेल: २०० ग्रॅम, आणि वजनकाटा

वीस लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम जेल पुरतं. सुट्टे दाणे टाकू नका, त्यांचा भुगा लेन्सच्या रिंगांत जातो. जुन्या सुती मोज्यात भरून गाठ मारा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर नारिंगी किंवा पांढरे दाणे घ्या. निळे ओले झाले की गुलाबी होतात, नारिंगी बहुधा हिरवट पडतात, पांढऱ्यांचा रंग बदलतच नाही. म्हणून आम्ही रंगापेक्षा वजनावर जास्त भरवसा ठेवतो. कोरडी पुरचुंडी २०० ग्रॅम असेल तर ४०-५० टक्के आर्द्रतेच्या डब्यात ती साधारण ४० ग्रॅम पाणी घेते. २३५ च्या पुढे गेली की तापवायला काढा. स्वयंपाकघरातला काटा चालेल.

तापवायची पद्धत अशी. स्वयंपाकात वापरत नसलेली जाड बुडाची जुनी कढई घ्या, दाण्यांचा पातळ थर पसरा, मंद आचेवर अधूनमधून हलवत अर्धा-पाऊण तास ठेवा, खिडकी उघडी ठेवून. मोठ्या आचेवर ओले दाणे तडतडून फुटतात आणि नारिंगी दाणे करपून तपकिरी होतात, मग त्यांचा रंग काही सांगत नाही. ओव्हन असेल तर ११०-१२० अंशांवर दोन तास. मूळ वजनाच्या जवळ आलं की झालं. इथे बहुतेकजण चुकतात: गरम जेल उघड्या ताटात गार करत ठेवतात, आणि गार होता होता ते पावसाळी हवेतलं पाणी पुन्हा पितं. झाकणाच्या बरणीत गार करा. गरम जेल थेट लेन्सशेजारी ठेवायचं नाही, हे तर वेगळं सांगायला नको.

तांदूळ, डांबरगोळ्या आणि ऊन, हे तीन उपाय आम्हाला रोज कुणीतरी विचारतं. तांदळाचा पिठूर रिंगांत जातो, आणि तांदूळ स्वतःच दमट असतात. डांबरगोळीची वाफ काचेवर बसून पातळ थर धरते, तो काढायला तुम्ही आमच्याकडेच याल. उन्हाने बुरशीची वाढ थांबू शकते, पण आलेले धागे जात नाहीत, आणि उघडी लेन्स उन्हात ठेवली की ती भिंगासारखी काम करते. गॅलरीतली गादी जळाल्याचं आम्ही पाहिलं आहे.

ठेवण्याआधी धूळ, विशेषतः भंडारा

पालीच्या खंडोबाच्या यात्रेहून आलेले कॅमेरे आम्ही लांबूनच ओळखतो. भंडारा बटणांच्या फटीत, झूमच्या रिंगेत, माइकच्या स्पंजात, सगळीकडे. लग्नातली हळद तीच गत करते. हळदीची पूड सुकी पुसली तर काचेवर घासली जाते, ओली पुसली तर तेलकट पिवळा चट्टा पसरतो. कॅमेरा तोंड खाली करून धरा, रबरी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. बोटाचा ठसा उरला असेल तर लेन्स क्लीनरचा एक थेंब कापडावर घ्या, काचेवर नाही.

माइकचं तंत्र थोडं वेगळं. कंडेन्सर माइकच्या कॅप्सुलमध्ये ओल शिरली की चरचर, फुटफुट आवाज येतो किंवा आवाज दबतो. पुष्कळदा माइक बिघडलेला नसतो. दोन रात्री कोरड्या डब्यात ठेवून पाहा, मगच आमच्याकडे आणा. कीर्तनाच्या, भाषणाच्या माइकची जाळी फिरवून निघते. आतल्या स्पंजासकट ती साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. कॉलर माइकचा घामेजलेला स्पंज डब्यात ठेवू नका. ट्रान्समीटर आणि फ्लॅशमधले पेन्सिल सेल जून अखेरीस काढून ठेवा, ते फुटून गळले की आतले संपर्क हिरवे होतात.

पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस उघडला असताना, डबा उघडा. झूम आणि फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवा. मग दोन्ही कॅप काढून, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, मागून तिरका टॉर्च मारा आणि पुढून बघा. एक-दोन ठिपके म्हणजे धूळ, ती फोटोत दिसत नाही, तिच्यासाठी लेन्स उघडू नका. सगळीकडे सारखा धुरकट थर बहुधा वंगणाच्या वाफेचा असतो. फांद्या फुटलेले धागे किंवा बर्फाच्या कणासारखी चांदणी दिसली तर ती बुरशी, आणि ती त्याच आठवड्यात आणा. तोवर ती लेन्स वेगळ्या डब्यात ठेवा.

जावळीच्या त्या लेन्सचं काय झालं? पुढचा गट उघडून दोन काचा साफ केल्या, धागे गेले. पण एका काचेच्या कोटिंगमध्ये बुरशीच्या आम्लाने खाल्लेल्या खुणा राहिल्या, त्या कुणालाही काढता येणार नाहीत. साध्या उजेडात फोटो स्वच्छ येतात. मांडवात समोरून हॅलोजन आला की अजून थोडा पांढुरका पडदा दिसतो, आणि तेवढ्यापुरता ते कोन बदलतात. दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात तिथे बुरशी मध्ये शिरली असती, तर आम्ही उघडलंच नसतं.

टॉर्च मारून पाहायला आम्ही पैसे घेत नाही. येताना लेन्स सुती रुमालात गुंडाळून आणा, त्याच दमट बॅगेत घालून नको. मीटर आणलात तर मिठाची पिशवी दुकानात तयार असते. रात्रभर ठेवावा लागेल, दुसऱ्या दिवशी घेऊन जा.