ठशाचा फोटो वाचताना: त्रिकोण किती आणि तोंड कुठे?

बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगू, अशा जाहिराती ठाण्यात आणि नवी मुंबईत क्लासच्या पत्रकांवर दिसतात. ठशाच्या प्रकारावरून बुद्धिमत्ता कळते याला पुरावा नाही. दहाही बोटांवर चक्रं असलेला राजा होतो, ही समजूतही त्याच जातीची. पण प्रकार ओळखणं हे खरं कौशल्य आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त चुका होतात त्या फोटोमुळे.

बहुतेक जण ठशाच्या मध्याकडे बघतात. आधी बघायचा तो त्रिकोण, म्हणजे डेल्टा: तीन दिशांनी आलेले कंगोरे, म्हणजे कातडीवरच्या उंच रेषा, जिथे जवळ येऊन फाकतात ती जागा. साध्या कमानीत, म्हणजे आर्चमध्ये, कंगोरे एका बाजूने येऊन मध्ये उंचावतात आणि दुसरीकडे निघून जातात, डेल्टा नसतो. लूपमध्ये एक डेल्टा असतो आणि कंगोरे आकड्यासारखे वळून आल्या बाजूलाच परततात. चक्रात, म्हणजे व्होर्लमध्ये, सहसा दोन डेल्टा असतात. सर्वसाधारणपणे लूप साठ टक्क्यांच्या आसपास, चक्रं तीसच्या आसपास आणि कमानी पाचेक टक्के आढळतात.

अडचण अशी की डेल्टा बोटाच्या कडेला असतो. पोलीस ठसा घेताना बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवतात ते यासाठीच. समोरून काढलेल्या फोटोत कडा वळून दिसेनाशा होतात, एक डेल्टा हरवतो आणि चक्र लूप वाटू लागतं. म्हणून एक फोटो समोरून आणि दोन फोटो बोट दोन्हीकडे साधारण ४५ अंश वळवून काढावेत. उजेड तिरका पडू द्यावा. बारीक टिंबांची रांग दिसली तर तो कंगोरा, कारण घामाची छिद्रं कंगोऱ्यावरच असतात, मधल्या खाचेत नाही.

आता उजव्या हाताच्या तर्जनीचा फोटो घ्या. बोटाचं टोक वर, डेल्टा उजवीकडे एकच, आकडे डावीकडे उघडतात. केंद्रापासून डेल्टापर्यंत सरळ रेघ ओढली की मध्ये नऊ कंगोरे कापले जातात. ही दोन टोकं मोजायची नाहीत. मध्ये निदान एक कंगोरा हवा. एकही नसेल तर तो लूप न धरता तंबूसारखी उंच कमान धरतात.

म्हणजे हा लूप. पण कोणत्या बाजूचा? फोटोत तळवा आपल्याकडे असल्याने उजव्या हाताची करंगळी डावीकडे येते, म्हणून याचं तोंड करंगळीकडे आहे. शाईच्या ठशात हेच चित्र उलटं होतं आणि तोंड उजवीकडे दिसतं. फोटोलाच ठसा समजून वाचलं तर तोंड अंगठ्याकडे आहे असं ठरेल. अंगठ्याकडे उघडणारे लूप एरवी विरळ असतात, पण जे सापडतात ते बहुतेक तर्जनीवरच. त्यामुळे इथली चूक कोणाला खटकतही नाही.

त्यात काही फोनचे सेल्फी कॅमेरे चित्र आणखी एकदा उलटवतात. बोटाशेजारी छापील अक्षरांचा कागद ठेवावा. अक्षरं उलटी आली तर फोटो आधी सुलटा करावा, मगच बाजू ठरवावी.